क्लाउड किचन : गर्दीच्या वेळी प्रेप टाइम वाढवून ऑर्डर कशा आवरायच्या?

मेघना_गोरेगाव

नमस्कार मंडळी. गोरेगाव पूर्वेला एका गाळ्यात आमचं छोटं क्लाउड किचन आहे. बसून खायची सोय नाही. बहुतेक ऑर्डर दोन डिलिव्हरी अ‍ॅपवरून येतात, थोड्या आमच्या स्वतःच्या वेबसाइटवरून. मेनू आपलाच : थालीपीठ, मिसळ, साबुदाणा वडा, मसालेभात, कोथिंबीर वडी.

अडचण शनिवार-रविवारच्या संध्याकाळची आहे. दोन्ही अ‍ॅपवर आम्ही प्रेप टाइम, म्हणजे ऑर्डर तयार करायला लागणारा वेळ, कायमचा 20 मिनिटं ठेवलेला आहे. साडेसातला आलेली ऑर्डर वेळेत निघते. सव्वाआठला आलेल्या ऑर्डरलाही अ‍ॅप 20 मिनिटंच सांगतं आणि प्रत्यक्षात लागतात 40. मग रायडर दाराशी उभा राहतो, ग्राहकाचे फोन सुरू होतात, आणि घाईत कारागीर थालीपीठ कच्चं उतरवतो ते वेगळंच.

आमचा मुलगा म्हणतो अशा वेळी अ‍ॅप पंधरा मिनिटं बंद करून टाकावं. मला ते पटत नाही, कारण त्याच वेळी मिसळीचा कट तयार असतो आणि ती दोन मिनिटांत जाऊ शकते. प्रेप टाइम वाढवणं बरं वाटतं. पण कधी वाढवायचा, किती वाढवायचा आणि मुख्य म्हणजे खाली कधी आणायचा? "ऑर्डर खूप झाल्या की वाढवा" असं सगळे सांगतात. खूप म्हणजे किती, हे कुणी सांगत नाही.

रोहन_ठाणे

ताई, प्रेप टाइम अजिबात वाढवू नका. आमच्याकडेही हेच होतं, रायडर वेळेवर येतच नाहीत. पार्सल तयार होऊन काउंटरवर थंड होतं आणि खराब रेटिंग आपल्याला मिळतं. सपोर्टला रोज मेल टाका, स्क्रीनशॉट जोडा. पाठपुरावा केला की फरक पडतो.

मेघना_गोरेगाव

रोहन, तुमचा त्रास खरा आहे, पण माझा उलटा आहे. माझ्याकडे रायडर आलेला असतो आणि थालीपीठ तव्यावर असतं.

सौरभ_कोडे

हे सोपं आहे. गेल्या अर्ध्या तासात पूर्ण झालेल्या ऑर्डरना सरासरी किती वेळ लागला ते बघायचं आणि तोच आकडा प्रेप टाइम म्हणून टाकायचा. दर दहा मिनिटांनी बदलत राहायचं. केओटीवर, म्हणजे किचनमध्ये येणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, वेळ छापलेली असते, म्हणजे माहिती तुमच्याकडे आहेच. वेबसाइटसाठी मी छोटी स्क्रिप्ट लिहून देऊ शकतो.

नाना_किचनवाले

सौरभ, सरासरीचं नंतर बोलू, त्यात एक खड्डा आहे.

मेघनाताई, आधी सांगा, गर्दीत नेमकं काय तुंबतं? ऑर्डरींची संख्या बाजूला ठेवा. तवा तुंबतो, कढई तुंबते की पॅकिंग? आणि जे तुंबतं त्यावर एका वेळी किती नग बसतात, थापून टाकल्यापासून उतरेपर्यंत किती वेळ जातो? घड्याळ लावून बघून सांगा, अंदाजानं नको. मी बरीच वर्षं दुसऱ्यांची किचनं चालवली आहेत. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एकच जागा अडते आणि बाकीचे हात त्या जागेची वाट बघत असतात.

मेघना_गोरेगाव

तवाच, नाना. दोन तवे आहेत, प्रत्येकावर दोन थालीपीठं. काल वेळ लावून बघितली. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाकल्यापासून, झाकण, उलटणं, उतरवणं असं सगळं धरून सहा मिनिटं. कढई आणि पॅकिंग कधी अडत नाही.

नाना_किचनवाले

झालं तर मग. सहा मिनिटांत चार थालीपीठं, म्हणजे तासाला 40. दुसऱ्या शब्दांत, रांगेतलं प्रत्येक थालीपीठ तुमची दीड मिनिटं खातं. एवढा एक आकडा भिंतीवर लिहून ठेवा.

ऑर्डर मोजून का चालत नाही ते बघा. दहा ऑर्डर मिसळीच्या आल्या तर तव्याला स्पर्शही नाही. दहा ऑर्डर दोन-दोन थालीपीठांच्या आल्या तर वीस थालीपीठं, म्हणजे अर्धा तास. स्क्रीनवर दोन्हीकडे दहाच दिसतात. म्हणून मोजायचं ते एकच : या क्षणाला किती थालीपीठं द्यायची बाकी आहेत, नुकत्या आलेल्या ऑर्डरमधली धरून. त्याला दीडनं गुणा, त्यात पॅकिंग, चटणी-लोण्याच्या डब्या आणि केओटी वाचणं मिळून आठेक मिनिटं घाला. खरा प्रेप टाइम तो.

आता तुमचा शनिवार मांडतो. पावणेआठला सहा थालीपीठं बाकी आहेत असं धरू. सहा गुणिले दीड नऊ, अधिक आठ, सतरा मिनिटं. 20 चं वचन पाळलं जातं. तिथून पुढे समजा तासाला 70 च्या वेगानं थालीपीठं मागितली जाऊ लागली. तव्यावरून निघतात 40. म्हणजे दर दोन मिनिटांना एक थालीपीठ मागे पडतं. ऐकायला किरकोळ वाटतं. सव्वाआठला 21 बाकी असतात आणि खरा वेळ 40 मिनिटं होतो. तुम्ही लिहिलेला आकडा बरोबर हाच आहे. तसंच चालू राहिलं तर पावणेनऊला 36 बाकी, वेळ एक तासाच्या वर, आणि अ‍ॅप त्या ग्राहकाला अजूनही 20 च सांगतंय.

यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की सव्वाआठला तुम्ही अ‍ॅप बंद केलं तरी ती 21 थालीपीठं उतरायला अर्धा तास लागणारच. त्या लोकांना दिलेलं वचन आता बदलता येत नाही. वाढवलेला प्रेप टाइम फक्त पुढच्या ऑर्डरला लागतो. त्यामुळे बोट दाबायची वेळ आठच्या आधीची आहे, किचनमध्ये अजून शांतता असते तेव्हाची. कारागीर ओरडायला लागला की समजावं आपण पंचवीस मिनिटं उशीर केला.

सौरभ_कोडे

पटलं. पण मग सरासरीनं काय बिघडतं? सव्वाआठला सरासरीही वाढलेली दिसेलच की.

नाना_किचनवाले

नाही दिसणार, आणि खड्डा तोच आहे. सव्वाआठला "पूर्ण झालेल्या" ऑर्डर कुठल्या? पावणेआठ, सात पन्नासला आलेल्या. त्यांना सतरा ते एकवीस मिनिटं लागली. आठ वाजता आलेली, जिला तीस मिनिटं लागणार आहेत, ती अजून तव्याच्या रांगेतच आहे. तिचा वेळ सरासरीत यायलाच ती संपावी लागते. म्हणजे गर्दी चढताना सरासरी कमी सांगते. उतरताना उलट. सव्वानऊला तवा मोकळा असतो आणि सरासरी अजून मघाच्या पन्नास मिनिटांच्या ऑर्डर धरून बसलेली असते. तुम्ही जास्त वेळ दाखवता, ऑर्डर येत नाहीत, कारागीर हात बांधून उभा. मग सरासरी एकदम घसरते आणि पुन्हा लोंढा. मी हे झोके एका किचनमध्ये आठवडेच्या आठवडे बघितले आहेत.

तुझी केओटीवरची माहिती मात्र फुकट नाही. आठवड्यातून एकदा सांगितलेला वेळ आणि खरा वेळ शेजारी मांडून बघायचा. फरक कधी इकडे, कधी तिकडे असेल तर ठीक. सतत एकाच बाजूला असेल तर तो दीडचा आकडा चुकलाय. नवीन कारागीर आला, भाजणी बदलली, तवा बदलला की तो हलतोच.

शुभदा_काकू

मी दादरला डबे आणि सणाचे पदार्थ देते. अ‍ॅपवर नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेते. माझ्याकडे हा प्रश्न आषाढी एकादशीला येतो. सगळ्यांना उपासाचं थालीपीठ आणि खिचडी एकाच सकाळी हवी असते. मी अर्ध्या-अर्ध्या तासाचे गाळे पाडते. एका गाळ्यात माझ्या तव्यावर जेवढी होतात त्याहून दोन-तीन कमीच घेते. गाळा भरला की "नऊची वेळ संपली, साडेनऊ चालेल का?" असं विचारते. बहुतेक जण चालेल म्हणतात. मेघना, तुला नाही का असं करता येणार?

मेघना_गोरेगाव

काकू, वेबसाइटवर हे नक्की करता येईल आणि मी करणार आहे. अ‍ॅपवर मात्र ग्राहकाला विचारायची सोय नाही. ऑर्डर येते ती आत्ताचीच.

नाना_किचनवाले

काकू जे तोंडी विचारतात तेच अ‍ॅपवर प्रेप टाइमच्या आकड्यातून विचारायचं असतं. आणि त्या क्षमतेपेक्षा दोन-तीन कमी घेतात ते फार शहाणपणाचं आहे. शंभर टक्के भरलेल्या तव्यावर एक थालीपीठ मोडलं तरी पुढची सगळी रांग हलते.

मेघनाताई, दर मिनिटाला गणित करत बसू नका. तीन पायऱ्या करा. बाकी थालीपीठं आठपर्यंत असतील तर 20 मिनिटं. आठाच्या वर गेली की 30. चौदाच्या वर 40. वीसच्या वर गेली की फक्त थालीपीठ "आउट ऑफ स्टॉक" करा. मिसळ, वडा, मसालेभात चालू राहू द्या. दुकान बंद दिसलेला ग्राहक मिसळही मागवत नाही, आणि उघडलं की साचलेली मागणी एकदम अंगावर येते.

खाली उतरताना घाई करू नका. चढायची रेघ आठ असेल तर उतरायची रेघ आठच ठेवलीत तर तुम्ही सात-नऊ-सात-नऊ असं करत राहाल आणि पोऱ्या दिवसभर फोनच दाबत बसेल. उतरायची रेघ चार-पाचानं खाली ठेवा. 30 वरून 20 वर यायचं तर बाकी चारपेक्षा कमी झाली पाहिजेत. बंद केलेलं थालीपीठ परत चालू करायचं ते सोळाच्या खाली आल्यावर. 21 वरून 15 वर यायला नऊ मिनिटं लागतात, तेवढीच ती बंद राहतील.

एक तवा बंद पडला किंवा एक कारागीर जेवायला बसला तर दीडचे तीन होतात. मग पायऱ्याही निम्म्याच्या जवळ आणाव्या लागतात. हे लोक हमखास विसरतात.

सौरभ_कोडे

वेबसाइटसाठी नानांचा नियम असा लिहिता येईल. `pending` म्हणजे बाकी थालीपीठं.

```python
UP = [8, 14, 20]
MINUTES = [20, 30, 40, None]  # None: item off

def next_level(level, pending):
    while level < 3 and pending > UP[level]:
        level += 1
    while level > 0 and pending < UP[level - 1] - 4:
        level -= 1
    return level
```

नवीन ऑर्डर आली की आणि थालीपीठ उतरलं की, दोन्ही वेळा हे चालवायचं. उतरल्याची नोंद मात्र कुणीतरी करायला हवी. ती कोण करणार?

मेघना_गोरेगाव

पॅकिंगवाल्या मावशी. त्या डबा बंद केला की केओटी खिळ्याला लावतात. खिळ्यावर नसलेल्या केओट्यांवरची थालीपीठं मोजली की बाकी आकडा मिळतो. अ‍ॅपसाठी तर मला तेही पुरेल. पावणेआठनंतर दर पाच मिनिटांनी मीच मोजेन.

अनघा_जोगेश्वरी

मी किचनवाली नाही, मागवणारी आहे. नाना म्हणतात वेळ वाढवली की ऑर्डर कमी होतात. मला तसं सरसकट वाटत नाही. एरवी एका ठिकाणी 35 आणि दुसऱ्या ठिकाणी 50 मिनिटं दिसली तर मी पहिल्याकडे जाते. पण जुलैत धो धो पाऊस पडत असतो तेव्हा सगळीकडेच 55-60 दिसतं. तेव्हा मी 60 ला सुद्धा मागवते, कारण बाहेर जायचंच नसतं. मग तुमचा ब्रेक लागणार कुठे?

नाना_किचनवाले

अनघाताई, नेमक्या जागी बोट ठेवलंत. प्रेप टाइम वाढवल्यानं दोन वेगळी कामं होतात. एक, ग्राहकाला खरं कळतं आणि रायडर खऱ्या वेळेला येतो. दोन, काही ग्राहक वळतात आणि लोंढा कमी होतो. पहिलं काम होतंच. दुसरं होईल की नाही हे शेजारची किचनं काय दाखवतात त्यावर आहे. म्हणून वीसची शेवटची रेघ लागते. ती ग्राहकाच्या मर्जीवर सोडलेली नाही.

पावसात आणखी एक गंमत होते, आणि बरीच मुलं त्यात फसतात. ग्राहकाला दिसणारा वेळ हा स्वयंपाकाचा वेळ अधिक रायडर यायचा वेळ अधिक पोचवायचा वेळ अशी सरळ बेरीज नसते. पदार्थ शिजत असतानाच रायडर येत असतो. दोघांत जो उशिरा तयार होईल त्याच्यापासून पुढचा प्रवास मोजला जातो. पावसात रायडर कमी, त्याला यायलाच 30 मिनिटं लागणार असतील तर तुम्ही 20 चे 30 केलेत तरी ग्राहकाच्या स्क्रीनवर काहीच हलत नाही. तुम्हाला वाटतं ब्रेक दाबला, पण तो लागलेलाच नसतो. 40 केलंत तर मात्र दहा मिनिटं वाढलेली दिसतात. ओळखायची खूण सोपी आहे. वेळ वाढवल्यावर दुसऱ्या फोनवरून ग्राहक म्हणून आपलंच किचन उघडून बघा. आकडा हलला नसेल तर सरळ पुढची पायरी घ्या.

रोहन_ठाणे

म्हणजे माझं पार्सल थंड होतं ते यामुळेच का? मी रोज संध्याकाळी सातलाच 35 टाकून ठेवतो, सेफ राहावं म्हणून.

नाना_किचनवाले

रोहनशेठ, बरंचसं यामुळेच असणार. तुम्ही 35 सांगितलं की रायडर त्या हिशेबानं बोलावला जातो. तुमचं पार्सल 18 मिनिटांत तयार, रायडर 35 ला. मधली सतरा मिनिटं वडे वाफेनं मऊ पडतात. कायमचा फुगवलेला वेळ म्हणजे गर्दी नसतानाही ग्राहक घालवणं. तुमच्याकडे सगळ्यात आधी काय अडतं ते मोजा आणि साडेसातपर्यंत खरा वेळ ठेवा.

आणि "फूड रेडी" बटण खरंच रेडी झाल्यावरच दाबा. आकडे चांगले दिसावेत म्हणून पुष्कळ जण तव्यावर असतानाच दाबतात. मग अ‍ॅपला वाटतं हे किचन पटकन देतं, आणि पुढच्या वेळी रायडर लवकर पाठवला जातो. तो येऊन दाराशी थांबतो. मेघनाताई, तुमच्याकडे कुणी असं दाबत नाही ना, तेही बघून घ्या.

मेघना_गोरेगाव

नाना, बघितलं. मुलगा ऑर्डर पॅकिंगच्या टेबलाशी आली की दाबतो, ते ठीक आहे.

या रविवारी तुमच्या पायऱ्या लावून बघितल्या. आठ वाजायच्या आधी 30 केलं, आठ वाजून गेल्यावर 40. थालीपीठ एकदाच बंद करावं लागलं, थोड्या वेळासाठी. एकही थालीपीठ कच्चं गेलं नाही आणि फोन जवळजवळ आलेच नाहीत. एकूण थालीपीठं नेहमीपेक्षा थोडी कमी गेली असावीत असं वाटतंय, मिसळ मात्र जास्त गेली.

एक गोष्ट खटकली. एका अ‍ॅपवर मी 30 केलं आणि दुसऱ्यावर करायला तीन-चार मिनिटं उशीर झाला. तेवढ्यात दुसऱ्या अ‍ॅपवरून सलग ऑर्डर आल्या. त्यात एक सहा थालीपीठांची होती.

नाना_किचनवाले

दोन्हीकडे एकदमच बदलायचं. तवे तेच आहेत, ते कुठल्या अ‍ॅपचं थालीपीठ भाजतायत हे त्यांना कळत नाही. पुढे त्याच गाळ्यातून दुसऱ्या नावानं ब्रँड काढलात तरी हेच लागू. सहाची ऑर्डर एका झटक्यात नऊ मिनिटं खाते, म्हणून तशी आली की पाच मिनिटांची वाट न बघता लगेच मोजा.

सौरभ_कोडे

नाना, एक शंका राहिली. हे सगळं गणित आधी आलेली ऑर्डर आधी निघते असं धरून आहे. मेघनाताईंचा कारागीर चार वेगवेगळ्या केओट्यांमधली काकडीची थालीपीठं एकत्र टाकत असेल तर? एखाद्या जुन्या ऑर्डरमधलं साधं थालीपीठ मागेच राहील.

मेघना_गोरेगाव

टाकतो, खरं आहे. एकाच पिठाची सलग थापली की हात भराभर चालतो असं त्याचं म्हणणं.

नाना_किचनवाले

त्याचंही चूक नाही, एकत्र टाकल्यानं वेग खरंच वाढतो. मी असं करायला लावायचो की सगळ्यात जुन्या केओटीवरचं एक तरी नग प्रत्येक फेरीत गेलंच पाहिजे, बाकीच्या जागा त्यानं त्याच्या सोयीनं भराव्यात. पण मग ज्या केओटीवर दोन्ही प्रकारची थालीपीठं आहेत तिला किती वेळ सांगायचा, याचं चोख उत्तर माझ्याकडे नाही. अशा ऑर्डरना मी पाच मिनिटं जास्त धरायचो.

सौरभ_कोडे

मला वाटतं पाच सरसकट धरण्यापेक्षा प्रकारानुसार दोन वेगळ्या रांगा मोजायला हव्यात.

नाना_किचनवाले

तवे दोनच आहेत रे. दोन रांगा केल्यास तर काकडीचा तवा रिकामा आणि साध्याचा तुंबलेला, असंही होईल. ताई, पुढच्या शनिवारी केओटीवर कुठलं थालीपीठ किती वाजता उतरलं ते मावशींना पेनानं लिहायला सांगा. ते आकडे इथे टाका, मग भांडू.

मेघना_गोरेगाव

सांगते मावशींना. शनिवारी रात्री टाकते.